हिरवा पडलेला फिरोजा: दुखणं ओळखण्यापासून पुन्हा बोटात घालेपर्यंत

मावशीनं तिची फिरोज्याची अंगठी मला जानेवारी 2022 मध्ये दिली. चांदीत बसवलेला मोठा लंबगोल खडा, मधून एक बारीक तपकिरी शीर गेलेली, आणि रंग सकाळच्या निरभ्र आभाळासारखा. मागची बाजू उघडी होती, म्हणजे खड्याची पाठ थेट बोटाला टेकत असे. मी ती रोज घातली. भांडी घासताना, क्रीम लावताना, झोपतानाही. हिऱ्याची असती तरी तशीच घातली असती, आणि चूक नेमकी तिथे होती. फिरोजा हा हिऱ्यासारखा घट्ट खडा नाही, त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

जुलै 2023 मध्ये एका लग्नाचे फोटो बघताना लक्षात आलं की खडा निळा दिसतच नाहीये. आधी फोनवर संशय घेतला. मग खड्याचा जुना फोटो शोधून, तसाच खिडकीजवळ, तशाच पांढऱ्या कागदावर अंगठी ठेवून नवा फोटो काढला. फरक स्पष्ट होता. कडेला खडा शेवाळी हिरवा झाला होता, शिरेच्या दोन्ही अंगांना हिरवट पट्टा होता आणि मधला भागच काय तो निळसर उरला होता. तुमच्या खड्याचा रंग बदलल्याची शंका असेल तर फोटो असाच काढा: दिवसाचा उजेड, दिवा बंद, मागे पांढरा कागद. पिवळ्या दिव्याखाली चांगला निळा फिरोजाही हिरवट दिसतो.

ऑगस्टमध्ये मी ती चूक केली, जिचं मला अजून वाईट वाटतं. चांदी काळी पडली होती, म्हणून चांदी उजळायच्या तयार द्रावणात अंगठी बुडवली. अर्ध्या मिनिटात चांदी लखलखली. खडा मात्र कोंदणाच्या कडेजवळ निस्तेज झाला. तिथे एक पांढुरकी, खरखरीत रेघ उमटली, नखाला जाणवेल अशी. ही द्रावणं आम्लधर्मी असतात. फिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं पाणीयुक्त फॉस्फेट, आणि आम्ल त्याच्या पृष्ठभागाला खातं. कोंदण आणि खडा यांच्या फटीत ते साचून राहिलं, म्हणून रेघ तिथेच आली. म्हणजे आता एका खड्यावर दोन वेगळी दुखणी झाली होती: आत शिरलेला हिरवा रंग आणि वरून गेलेली झिलई.

सप्टेंबरमध्ये दोन सराफांना दाखवलं. एकानं काचेतून पाहून सांगितलं, "हा रंगवलेला दगड आहे, रंग उतरला." दुसऱ्यानं सांगितलं, "फिरोजा हिरवा होतोच, घालत राहा." दोघांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट हा पांढरा दगड रंगवून फिरोजा म्हणून सर्रास विकला जातो, आणि त्याचा रंग उतरला तर तो साधारण फिका होतो, पांढरा पडतो. माझा खडा फिका झाला नव्हता, गडद होऊन हिरवा झाला होता. त्यामुळे पहिल्या मतावर माझा विश्वास बसेना. शेवटी रत्नतपासणीच्या प्रयोगशाळेत जायचं ठरवलं.

तिथे फोनवर पहिल्यांदा कळलं की दागिन्यात बसवलेल्या खड्याचा रिपोर्ट मिळतो, पण त्यात "बसवणीतून जितकं तपासता आलं तितकं" असा शेरा येतो. प्रक्रियेबद्दल नीट उत्तर हवं असेल तर खडा सुटा आणा, असं त्यांनी सांगितलं. म्हणून 5 ऑक्टोबरला ओळखीच्या कारागिराकडे बसून खडा काढून घेतला. त्यानं कोंदणाची कड एका चपट्या सुरीसारख्या हत्यारानं हळूहळू बाहेर वळवली, मेणाच्या गोळीला चिकटवून खडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

ते दृश्य मी विसरणार नाही. खड्याच्या कमरेभोवती, चांदीच्या कडेखाली झाकलेल्या जागी, दीड मिलिमीटर रुंदीची निळी रेघ होती. अगदी तीच निळाई, जी मावशीच्या हातात असायची. तिच्या वर हिरवा, तिच्या खाली हिरवा, आणि पाठ तर जवळजवळ ऑलिव्हच्या रंगाची. कारागीर म्हणाला, "ताई, जिथे हात पोचला नाही तिथे रंग तसाच आहे. मग दगडात खोट कुठे?"

खडा जन्माचा हिरवा आहे की अंगावरच्या घामातेलानं झाला, हा फरक घरी बसूनही बऱ्यापैकी ओळखता येतो. फिरोज्याची निळाई तांब्यामुळे असते, आणि त्याच्या घडणीत ॲल्युमिनियमच्या जागी लोह आलं की तो जन्मतःच हिरवट होतो. असा जन्माचा हिरवा खडा पाठीपासून माथ्यापर्यंत सारखा हिरवा असतो. घाम आणि तेलानं झालेला हिरवा मात्र स्पर्शाचा नकाशा असतो. पाठीवर सर्वात जास्त, कडेला आणि शिरांच्या बाजूनं नंतर, झाकलेल्या भागात सर्वात कमी. शीर म्हणजे मूळ खडकाचा अंश. तिच्या काठाला दगड बहुधा सैल असतो, म्हणून तेल आधी तिथून आत जातं.

9 ऑक्टोबरला प्रयोगशाळेत गेले. फॉर्म दोन पानी होता आणि तो घाईत भरू नका, एवढं नक्की सांगेन. "फक्त ओळख" आणि "ओळख व प्रक्रियेवर शेरा" हे दोन वेगळे पर्याय होते. पहिला घेतला असता तर "नैसर्गिक फिरोजा" एवढं एक वाक्य हाती आलं असतं, आणि मला तर हेच जाणून घ्यायचं होतं की छिद्रं बुजवायला त्यात राळ भरली आहे का. खाली बारीक अक्षरात विचारलं होतं की खडा द्रवात बुडवून घनता काढायला संमती आहे का. सच्छिद्र खडा आहे म्हणून मी नाही असं लिहिलं. गरम सुईची किंवा द्रावक लावून पाहण्याची परवानगीही नाकारली. या चाचण्या खऱ्या आहेत. राळ भरलेल्या खड्याला गरम सुई टेकवली की प्लास्टिक जळाल्याचा वास येतो, रंगवलेल्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवला की तो निळा होतो. पण दोन्हींचा डाग राहतो आणि काम त्यांच्याशिवायही होत होतं. पावतीवर खड्याचं वजन 8.42 कॅरेट आणि मापं 16 × 12 × 6 मिलिमीटर लिहून घेतली. पावतीवर फक्त "एक अंगठी" किंवा "एक खडा" लिहिलं जात असेल तर अडून बसा. वजन आणि फोटो असल्याशिवाय खडा सोडून येऊ नका.

कामाचे नऊ दिवस सांगितले होते, तेवढेच लागले. 20 ऑक्टोबरला रिपोर्ट मिळाला. नैसर्गिक फिरोजा. रंग भरल्याची खूण नाही. पॉलिमर, म्हणजे राळ, आढळलं नाही. मेण किंवा तेलासारखा सेंद्रिय पदार्थ आढळला.

हे शेवटचं वाक्य मी तिथल्या तपासनीस बाईंकडून समजून घेतलं. इन्फ्रारेड किरणं सोडली की प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरावीक जागी ती शोषतो. दगडाची छिद्रं राळेनं भरून टाकण्याला स्टॅबिलायझेशन म्हणतात, आणि ती राळ त्यात ओळखू येते. पण मेण आणि तेल यांच्या मुख्य खुणा एकमेकांच्या फार जवळ पडतात. त्यामुळे खडा विकताना वरून मेण चोळलं होतं की दीड वर्षात माझ्या बोटाचं तेल मुरलं होतं, हे त्या वेगळं काढून सांगू शकल्या नाहीत. बहुधा दोन्ही, असं त्यांचं मत. मी आणखी एक विचारलं: पॉलिमर नाही, म्हणजे खड्यावर कसलीच प्रक्रिया नाही का? त्या म्हणाल्या, तसं धरता येत नाही. जेम्स झॅकरी या माणसाच्या नावानं ओळखली जाणारी एक पद्धत आहे, जी राळ न घालताच दगडाची छिद्रं कमी करते. ती इन्फ्रारेडमध्ये दिसत नाही. तिच्यात पोटॅशियमचं प्रमाण वाढतं, म्हणून रासायनिक तपासणी करावी लागते. ती त्यांनी केली होती आणि माझ्या खड्यात तसं काही नव्हतं.

थोडक्यात, माझा खडा उघडा होता. मेणाच्या एका पातळ थरापलीकडे त्याच्या छिद्रांना कसलंच झाकण नव्हतं.

रिपोर्ट घेऊन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका खडे घासणाऱ्या काकांकडे गेले. ते अनेक वर्षं फिरोजाच घासतात आणि कच्चा माल स्वतः स्टॅबिलाइझ करतात. मला वाटत होतं की उत्तर सरळ आहे: आता याला स्टॅबिलाइझ करून घेऊ, म्हणजे पुढे हिरवा होणार नाही. काकांनी खडा हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उशीर झाला. भरलेल्या घड्यात काय ओतणार?"

मला ते पटलं नाही, तेव्हा त्यांनी करून दाखवायचं कबूल केलं. त्यासाठी मी दोन आठवड्यांत तीनदा गेले.

आधी त्यांनी कच्च्या फिरोज्याचा एक तुकडा दिला. खडूसारखा, फिकट निळा, जिभेला लावला तर चिकटेल इतका कोरडा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब दोन-तीन सेकंदांत आत गेला आणि तिथे गडद निळा डाग उमटला. सुकल्यावर डाग पुन्हा फिका झाला. फिरोजा भिजला की सुंदर का दिसतो, ते इथेच कळलं. कोरड्या दगडाच्या छिद्रांत हवा असते, हवा आणि दगड यांच्या सीमेवर उजेड विखुरतो आणि दगड पांढुरका दिसतो. छिद्रांत पाणी, तेल किंवा राळ भरली की विखुरणं कमी होतं आणि आतला खरा रंग वर येतो. स्टॅबिलाइझ केलेला फिरोजा गडद दिसतो तो या कारणानं, त्यात रंग मिसळलेलाच असतो असं नाही. आणि उघडा फिरोजा हातात घालायला लागल्यावर पहिले काही महिने अधिकच खुलतो, तोही याच कारणानं. तेल आत जायला लागलेलं असतं, फक्त अजून पिवळं पडलेलं नसतं. माझ्या अंगठीचा रंग 2022 च्या पावसाळ्यात सगळ्यात छान दिसत होता, हे मला तेव्हा आठवलं.

मग तो तुकडा रात्रभर मंद उष्णतेत सुकवला. छिद्रांतलं पाणी गेलं नाही तर राळ आत जात नाही, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. वजन 12.6 ग्रॅम भरलं. जाड काचेच्या भांड्यात पातळ केलेल्या इपॉक्सी राळेत तो बुडवला, वर झाकण लावलं आणि पंपानं हवा ओढायला सुरुवात केली. दगडातून बुडबुडे असे उसळले की राळेवर फेस आला. जवळजवळ अर्धा तास तो फेस थांबत नव्हता. बुडबुडे विरळ झाल्यावर काकांनी हवा आत सोडली. आता बाहेरच्या हवेचा दाब राळेला रिकाम्या छिद्रांत ढकलतो. दगड आणखी काही तास राळेतच राहिला, मग पुसून ऊब देऊन राळ कडक होऊ दिली. पुढच्या वेळी वजन केलं तर 14.3 ग्रॅम. म्हणजे 1.7 ग्रॅम राळ त्या लहानशा तुकड्याच्या पोटात गेली होती. रंग आभाळी झाला होता आणि पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा उभा राहत होता.

त्याच भांड्यात काकांनी एका जुन्या, तुटलेल्या अंगठीतला हिरवा पडलेला खडाही टाकला होता. त्यातून जेमतेम पाच-सात बुडबुडे आले. आधी 3.10 ग्रॅम, नंतर 3.12. राळ आत गेलीच नाही, आणि वर जी बसली ती एका कोपऱ्यात नखानं सोलून निघत होती, कारण तेलकट पृष्ठभागाला ती धरत नाही. रंग होता तसा हिरवाच. आत गेली असती तरी काय झालं असतं? तो हिरवा कायमचा आत बंद झाला असता. स्टॅबिलायझेशन हे कच्च्या, कोरड्या, स्वच्छ दगडाचं काम आहे. वापरलेल्या खड्यावर तो उपाय नाही.

एक गोष्ट इथे नोंदवते, कारण थेंबाची चाचणी लोक घरी करतात. माझ्या खड्याच्या पाठीवर थेंब टाकला तेव्हा तोही उभाच राहिला. मेण किंवा तेल मुरलेला खडाही पाणी शोषत नाही. थेंब आत गेला तर खडा उघडा आहे हे नक्की. थेंब वर राहिला, तर त्यावरून तो स्टॅबिलाइझ केलेला आहे असं समजू नका.

तेल बाहेर काढायचं काय, हे मी अर्थातच विचारलं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवा, अमोनियात ठेवा, गरम वाळूत पुरा असे सल्ले मला मिळाले होते. काकांनी तिन्हींना नकार दिला. पेरॉक्साइडनं वरचा थर तात्पुरता उजळतो आणि काही दिवसांत आतलं तेल पुन्हा वर येतं, असा त्यांचा अनुभव. अमोनिया तांब्याशी क्रिया करतो, म्हणजे जी निळाई वाचवायची तिलाच हात घालतो. आणि उष्णतेनं तेल आणखी पिवळं पडतं, खडा तडकण्याची भीती वेगळी.

उरला एकच उपाय, घासून हिरवा थर काढणं. तो किती खोल आहे हे आधी माहीत नसतं, म्हणून काकांनी सुरुवात पाठीच्या एका कोपऱ्यापासून केली, जिथे फसलं तरी दिसणार नाही. पाण्याची धार, बारीक चकती, तोंडाला मास्क. फिरोज्याच्या धुळीत तांबं आणि ॲल्युमिनियम असतं, ती श्वासात जाऊ देऊ नये, आणि राळ भरलेल्या दगडाची धूळ तर नाहीच. पहिल्या काही फेऱ्यांत हिरवाच रंग. ते दर वेळी पुसून मला दाखवत आणि जाडी मोजत. साधारण 0.3 मिलिमीटरवर पहिली निळी झाक दिसली. 0.35 ला पाठ निळी झाली, फक्त शिरेजवळचा पट्टा सोडून. माथ्यावर, जिथे झिलईमुळे तेल कमी मुरलं होतं, तिथे थोडं कमी घासून भागलं. कोंदणातल्या कडेला हात लावला नाही, म्हणजे निळी रेघ आणि कोंदणाचं माप दोन्ही राहिलं. द्रावणानं खाल्लेली पांढरी रेघ वरवरची होती, ती याच कामात गेली.

झिलईच्या वेळी काकांनी एक चामड्याची चकती वेगळी काढली. खडे चकाकवायला पुष्कळ ठिकाणी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी वापरतात. ती सच्छिद्र फिरोज्यात बसली तर खडा पुन्हा हिरवा, आणि या वेळी तेलाचं नावही नाही. त्यांनी पांढरी ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी वापरली. तुम्ही कुठेही फिरोजा पॉलिशला दिलात तर एवढं एक विचारून ठेवा.

शेवटी खडा 7.10 कॅरेट भरला. 1.32 कॅरेट दगड धुळीत गेला. शिरेच्या बाजूनं एक हिरवी छटा राहिली आहे, ती काढायची तर शिरेच्या मागे मागे जावं लागलं असतं आणि खड्याचा घुमट गेला असता. मी थांबायला सांगितलं. नंतर खडा कोमट करून त्यावर पॅराफिन मेणाचा पातळ हात दिला आणि मऊ कापडानं पुसून काढला. मेण हे काही कायमचं कवच नव्हे, झिजतं. पण उघड्या छिद्रांपेक्षा बरं.

अंगठी बसवताना मी पाठ चांदीच्या पत्र्यानं बंद करून घेतली, कारण तेल सगळ्यात जास्त तिथूनच गेलं होतं. अंगठीचं मापही अर्ध्या नंबरनं वाढवायचं होतं. ही दोन्ही कामं खडा बाहेर असतानाच उरकली. झाळकामाची ज्योत आणि नंतरचं आम्लाचं पाणी, दोन्ही फिरोज्याला मारक. अंगठी लहान-मोठी करायला देताना "खडा काढून करणार ना?" हे विचारायलाच हवं. 16 डिसेंबर 2023 ला अंगठी हातात आली. खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त प्रयोगशाळेत गेला, त्यानंतर नव्या बसवणीला. घासणावळ सगळ्यात कमी होती, आणि खरं कौशल्य तिथेच लागलं.

आता कशी वापरते ते सांगते. अंगठी सगळ्यात शेवटी घालते आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढते. हाताला क्रीम किंवा सनस्क्रीन लावलं तर ते पूर्ण मुरेपर्यंत थांबते. अत्तर आणि सॅनिटायझर लावताना अंगठी बाजूला असते. हात धुताना, अंघोळीला, व्यायामाला, स्वयंपाकाला ती नसते. घाम फक्त ओला नसतो, त्यात मीठ आणि सौम्य आम्ल असतं, आणि बोटाच्या आतल्या बाजूला तो सुकत नाही. म्हणून खूप उकाड्याच्या दिवशी मी ती घालतच नाही. रोज न घालता आठवड्यातून दोन-तीनदाच घालते, हा सगळ्यात मोठा बदल.

काढल्यावर आधी मऊ ब्रशनं धूळ झटकते, मग जरा ओलसर सुती कापडानं पुसते आणि लगेच कोरडी करते. आधी ब्रश का, तर फिरोज्याचा कठीणपणा 5 ते 6 आणि धुळीत सापडणाऱ्या गारगोटीचा 7. धुळीसकट चोळलं की झिलईवर ओरखडे उठतात, आणि ओरखडलेल्या जागेतून तेल पुन्हा आत जातं. साबण, वाफ, अल्ट्रासॉनिक यंत्र यांपैकी काही नाही. चांदी काळी पडली तर चांदीपुरतं पॉलिशचं कोरडं कापड, तेही खड्याला न लावता.

ठेवायला एक वेगळी मऊ पिशवी केली आहे. पूर्वी ती बाकीच्या दागिन्यांबरोबर डब्यात पडायची आणि नीलम, पुष्कराज तिला घासायचे. पिशवीत चांदी काळी पडू न देणारी कागदाची पट्टी आहे, म्हणजे द्रावणाची वेळच येत नाही. डबा उन्हापासून, दिव्याच्या उष्णतेपासून आणि बंद गाडीपासून दूर असतो. मेण ऊब मिळाली की वर येतं आणि खड्यावर धुरकट थर धरतं.

माझ्या बहिणीकडे स्टॅबिलाइझ केलेल्या मण्यांचं ब्रेसलेट आहे. तिनं ते दोन वर्षं जवळपास रोज घातलं आणि निळाई हलली नाही. रोज वापरायला फिरोजा हवा असेल आणि निगा राखायला वेळ नसेल, तर स्टॅबिलाइझ केलेलाच घ्या असं मी मनापासून सांगेन. त्यात कमीपणा काही नाही, फक्त विकणाऱ्यानं तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे. चुरा राळेत दाबून केलेल्या वड्या ही निराळी गोष्ट, ते आणि हे एक नव्हे. पण स्टॅबिलाइझ म्हणजे अभेद्य नाही. तिच्या एका मण्यावर नेलपॉलिश काढायचं द्रव सांडलं आणि तिथली चमक गेली. त्या द्रवात ॲसिटोन होतं आणि ॲसिटोन राळेवर परिणाम करतं. कडक ऊनही या मण्यांना नको, त्यानं इपॉक्सी हळूहळू पिवळी पडते.

हे लिहितेय तेव्हा मार्च 2025 आहे, अंगठी परत येऊन पंधरा महिने झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच पांढरा कागद, तीच खिडकी, एक फोटो. पहिले दहा महिने फरक नव्हता. डिसेंबरपासून करंगळीकडच्या कडेला, शिरेच्या टोकाशी, तांदळाच्या दाण्याएवढी हिरवट झाक दिसते आहे. पाठ बंद असली तरी शेजारचं बोट त्या बाजूला घासतं. काकांना फोटो पाठवला. ते म्हणाले, आता घासायचं नाही, खड्याच्या अंगात मांस उरलेलं असेपर्यंतच हा उपाय आहे, झाक पसरली नाही तर राहू दे. मेणाचा हात मात्र या महिन्यात पुन्हा द्यायचाय, आणि अंगठी मधल्या बोटातून तर्जनीत घालते आहे, तिथे शेजारच्या बोटाचा स्पर्श कमी होतो.